बालपुस्तकांच्या प्रकाशनाचं नाव: 'बाळबोध' की 'भिंगरी'?

नौपाडेकर: मी आणि माझी मैत्रीण मिळून 4 ते 8 वयाच्या मुलांसाठी चित्रपुस्तकं काढतोय. मी लिहिते, ती चित्रं काढते. मी ठाण्यात नौपाड्याला, ती ऐरोलीला. पहिली दोन पुस्तकं तयार आहेत, प्रत्येकी 24 पानांची, आणि महिनाभर अडून बसलीत ती निव्वळ प्रकाशनाच्या नावावर. मला 'बाळबोध प्रकाशन' हवंय. बाळही आलं, बोधही आला, शिवाय जुना मराठी शब्द. तिला 'भिंगरी' हवंय. मला भीती अशी की भिंगरी म्हटलं की ग्रंथपाल आणि दुकानदार खेळण्यांचं दुकान समजतील. तिला भीती अशी की बाळबोध म्हटलं की मुलं पळून जातील. 'बाळबोध' हा शब्द आज तुमच्या कानाला कसा लागतो, ते सांगा.

देववाणी: मुळात शब्द 'बालबोध' असा आहे. 'बाळबोध' हा त्याचा बोलीतला अपभ्रंश. बाल म्हणजे मूल, बोध म्हणजे ज्ञान, मुलांनाही कळेल ते बालबोध. अर्थ उत्तम आहे. फक्त ळ काढून ल करा, म्हणजे नावाला भारदस्तपणा येईल. भिंगरीला ना व्युत्पत्ती धड, ना वजन.

जुना खिळा: देववाणी, फोड बरोबर, अपभ्रंश मात्र नाही. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तिथे समर्थ अक्षर घोटून सुंदर करायला सांगतात आणि शब्द वापरतात तो ळ-चा, 'बाळबोध अक्षर'. म्हणजे ळ तेव्हाही प्रतिष्ठित होता. बाळबोध हे आपल्या आजच्या छापील लिपीचंच नाव. हाताने भराभर लिहायची ती मोडी, सुटी सुटी आणि कुणालाही लागेल अशी ती बाळबोध. आमच्या छापखान्यात म्हातारे कंपोझिटर 'बाळबोध टाइप' म्हणायचे, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नौपाडेकर ताई, अडचण पुढची आहे. सुबोध, सरळ या अर्थावरून शब्द साध्या, जुन्या वळणाच्या घराकडे गेला. 'बाळबोध वळणाचं घर' यात अजून माया आहे. पण तिथून तो आणखी घसरला. आज 'बाळबोध प्रश्न', 'बाळबोध युक्तिवाद' म्हणतात तेव्हा अर्थ असतो भाबडा, अकलेने कच्चा. आणि पुस्तकावर लिहिणारे हा शब्द कुठे वापरतात? 'कथानक बाळबोध झालं आहे.' मुलांच्या पुस्तकाला नावं ठेवायची तर पहिला हाच शब्द सुचतो. तुमच्या पहिल्याच पुस्तकाचं परीक्षण कुणी लिहिलं, तर त्याला शीर्षक तुम्हीच पुरवलेलं असेल. ल केल्याने सुटका होणार नाही. वाचणारा ल-चा ळ मनातल्या मनात करूनच वाचेल.

वाशीचे मास्तर: नावाच्या बाबतीत माझा अनुभव घ्या. मी 11 वर्षं शिकवणी घेतो. नाव ठेवलं 'अंकुर'. आमच्याच सेक्टरमध्ये आणखी दोन अंकुर निघाले, एक पाळणाघर आणि एक रोपवाटिका. माझ्याकडे कुरियरने कुंडीतलं खत आलंय. मुलांसाठी काहीही काढायचं म्हटलं की लोक अंकुर, उमलती कळी, किलबिल यातलंच ठेवतात. ताईंनी मुलीचं नाव ठेवायचं असेल तर 'ईरा' सुचवेन, छोटं आहे.

नौपाडेकर: मास्तर, मुलगी नाही हो, प्रकाशन! पण खताचं लक्षात ठेवते.

जुना खिळा काका, परीक्षणाचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. काल तो वाचून मैत्रीण फोनवर पाच मिनिटं हसत होती.

दरम्यान आमच्या सोसायटीत रविवारी मुलं वाचायला जमतात, तिथे दोन्ही नावं मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून ठेवली. दुसरीतल्या मुलीने 'बाळबोध' न अडखळता वाचलं, कार्ड परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे बाळांचं आहे. मी बाळ नाहीये." विषय संपला. पहिलीतल्या मुलाने 'भिं-ग-री' असं तोडून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे काय?" नऊ मुलं होती, एकालाही शब्द माहीत नव्हता. मी पुठ्ठ्याची चकती कापली, मधोमध दोन भोकं पाडून दोरा ओवला आणि दोन्ही हातांनी ताणून फिरवून दाखवली. मग पुढचा अर्धा तास पुस्तकं कुणी उघडलीच नाहीत.

आता मला वेगळीच चिंता आहे. मुलांना माहीत नसलेला शब्द नाव म्हणून ठेवावा का?

कळव्याचा दादा: थांबा, तुम्ही दाखवलीत ती भिंगरी कुठे? आमच्याकडे भिंगरी म्हणजे मधोमध काडी खोचलेली चकती, दोन बोटांनी गिरकी देऊन जमिनीवर सोडायची. दोऱ्यावर ताणतात तिला आम्ही भिंगरी म्हणत नव्हतो. जत्रेत काठीवर वाऱ्याने फिरतं ते भिरभिरं, तेही वेगळं. चिन्ह काढण्याआधी हे मिटवा, नाहीतर आमच्या गावचे लोक म्हणतील चित्र चुकलंय.

खाडीकाठची: मी तर नाव वाचून पक्ष्याचं समजले! आम्ही ऐरोलीच्या खाडीवर पक्षी बघायला जातो. तारवाली भिंगरी माहितीय का? डोक्यावर तांबूस टोपी, अंगाखालून पांढरी, आणि शेपटीतून तारेसारखी दोन लांब पिसं निघालेली. पाण्याजवळच्या विजेच्या तारांवर बसते आणि पुलाखाली चिखलाचं वाटीसारखं घरटं करते. लालबुडी भिंगरी निराळी. उडताना सारखी गिरक्या घेते. मला वाटलं तुम्ही पक्ष्यांची पुस्तकं काढताय.

कळव्याचा दादा: घ्या, तिसरी भिंगरी.

जुना खिळा: दादा, मिटवू नका. तुमच्या, ताईंच्या आणि खाडीवरच्या भिंगरीत गिरकी एकच आहे, आणि शब्द त्या गिरकीचा आहे. म्हणूनच तो माणसाच्या पायालाही लागतो. 'पायाला भिंगरी लागलीय' हे आई ज्या सुरात म्हणते, त्यात राग थोडा आणि कौतुक जास्त असतं. गंभीरपणा आणि खेळकरपणा यांचा मेळ ताई शोधतायत, तो मला या सुरात दिसतो. चिन्हात वस्तू काढण्यापेक्षा नुसती फिरकी काढा, सगळी गावं खूश.

मुलांना शब्द माहीत नाही याची मला चिंता वाटत नाही. 'म्हणजे काय' असं विचारलं, म्हणजे शब्द पोचला. 'बाळबोध' बद्दल कुणी विचारलंच नाही, कारण त्यातला 'बाळ' त्यांना लगेच दिसला आणि तोच नडला.

नाव निवडताना मी एक गोष्ट हमखास करून बघतो. त्याला प्रत्यय लावून वाक्यात फिरवतो. मराठीत नाव नुसतं कधी राहत नाही, ते कुणाचं, कुणाकडून, कुणाकडे असं बदलत असतं. समजा 'काजवा' ठेवलं. लोक म्हणणार 'काजव्याचं पुस्तक', 'काजव्याने काढलंय'. मुखपृष्ठावर एक रूप, तोंडात दुसरं. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकच आहेत हे कळायला वेळ लागतो. 'सागरगोटा' घेतलं तर 'सागरगोट्याचं', तोच प्रकार. भिंगरीचं मात्र 'भिंगरीचं, भिंगरीने, भिंगरीकडे', शब्द आतून जसाच्या तसा. फक्त अनेकवचनात 'भिंगऱ्या' होतं, आणि प्रकाशनाचं अनेकवचन सहसा लागत नाही.

राहिलं वजन. 'मौज' घ्या. शब्द मूळचा अरबी, तिकडे अर्थ लाट. आपल्याकडे येईपर्यंत मजा, चैन. याच्याइतका बिनवजनाचा शब्द शोधून सापडणार नाही. पण आज 'मौजेचं पुस्तक' म्हटलं की वाचणारा सावरून बसतो. ते वजन पुस्तकांनी आणि काटेकोर मुद्रितशोधनाने आणलं, शब्दात ते नव्हतं.

देववाणी: दासबोधाबद्दल मान्य, मी संस्कृतच्या बाजूने पाहिलं. पण मौजेचं उदाहरण पटत नाही. एक मौज झाली म्हणून सगळ्या हलक्या नावांचं तसं होतं असं नाही. पहिली पाच वर्षं ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीत 'भिंगरी' वाचून कुणी नाक मुरडलं, तर?

जुना खिळा: रास्त. यादीत तुम्ही 'भिंगरी प्रकाशन, ठाणे' म्हणून जाल. 'प्रकाशन' ही शेपटी त्यासाठीच असते, गंभीरपणाचं काम तिला करू द्या. मुखपृष्ठावर आणि चिन्हात नुसतं 'भिंगरी', आतल्या श्रेयपानावर, मलपृष्ठावर आणि बिलावर पूर्ण नाव. तुमची पुस्तकं 24 पानी म्हणजे मधोमध पिन मारलेली असणार. त्यांना कणाच नसतो, कपाटात उभी ठेवली तर नाव दिसायला जागाच नाही. म्हणून मुखपृष्ठावरचं चिन्ह नेहमी एकाच कोपऱ्यात ठेवा, वरच्या डाव्या असेल तर प्रत्येक पुस्तकात वरच्या डाव्या. मुलं अक्षरांआधी त्यावरून ओळखतात.

आणि मास्तरांचं खत विसरू नका. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. छापील साहित्याचा वर्ग 16, त्यात बघा. रोमन लिपीत bhingri आणि bhingari दोन्ही टाकून बघा, ईमेलच्या पत्त्यातही लोक दोन्ही लिहिणार. 'बालपुस्तक प्रकाशन' सारखी मालाचं नुसतं वर्णन करणारी नावं कुणा एकाच्या मालकीची होणं अवघड, त्या वाटेला जाऊ नका.

वाशीचे मास्तर: वर्गाचा हा शोध मी 11 वर्षांपूर्वी घेतला असता तर बरं झालं असतं. शिकवणीला कुठला वर्ग लागतो?

जुना खिळा: 41, मास्तर. शिक्षण आणि प्रशिक्षण. पुस्तकं प्रकाशित करण्याची सेवाही त्यातच येते, तेव्हा ताईंनीही तो बघावा.

नौपाडेकर: बघितला, दोन्ही वर्गांत, दोन्ही स्पेलिंगनी. एका स्पेलिंगवर काहीतरी दिसलंय, ते वकिलाला दाखवते. ते निस्तरलं तर 'बाळबोध' मी सोडते. पुस्तक आवडलं नाही तर लोकांनी त्यांचा शब्द शोधावा, मी का पुरवू.

मैत्रिणीचं आता नवीनच निघालंय. तिला खाडीवरची भिंगरी आवडलीय, तारेसारख्या शेपटीची. चिन्हात पक्षी हवा म्हणते. मला पुठ्ठ्याची चकती हवी. कळव्याचे दादा, तुम्ही म्हणता ती काडीवाली एकदा कुणाकडून तरी करून घेऊन फोटो टाकाल का? काडी चकतीच्या खाली किती बाहेर ठेवायची, तेही सांगा. माझी दोनदा आडवी पडली.

कळव्याचा दादा: काडी खाली अर्ध्या बोटाएवढीच, टोक शिसपेन्सिलीसारखं तासून. वर दीड बोट, चिमटीत धरायला. चकती जड हवी, वहीचा पुठ्ठा चालत नाही, दोन थर चिकटवा. फोटो रविवारी टाकतो.