मदत हवी आहे: रोइंग, दोरी, बॅडमिंटन, तिन्हीत नाडीचे आकडे जुळत नाहीत

संध्या_ठाणे: रोइंग मशीनवर धाप लागते, तरी घड्याळ 102 दाखवतं. दोरीच्या उड्यांना 141 वर अडून बसतं. बॅडमिंटनमध्ये कधी 90, कधी 175. खरं काय समजू? लवकर सांगा, उद्या सकाळी पुन्हा मशीनवर बसायचं आहे.

मिलिंद_प: वय किती? 220 मधून वय वजा करा, म्हणजे कमाल मर्यादा अंदाजे कळेल.

संध्या_ठाणे: 43. पण मर्यादा विचारली नाही हो, आकडा खरा की खोटा ते विचारलंय.

आरती_व्यायाम: घड्याळ कोणत्या हातात? मनगटाच्या हाडावर की थोडं वर? आणि मिनिटाला उड्या किती?

संध्या_ठाणे: उजव्या हातात, हाडावरच. उड्या साधारण 140.

आरती_व्यायाम: मग 141 या बहुतेक उड्याच आहेत. घड्याळ त्वचेत प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कसा बदलतो ते मोजतं. हात ठेक्यात हलला की रक्तही त्याच ठेक्यात हिंदकळतं आणि घड्याळ त्यालाच नाडी समजतं. दोन मिनिटं जोरात उड्या मारा, मग एकदम वेग कमी करा. नाडी काही पाच सेकंदांत एवढी उतरत नाही. आकडा लगेच नव्या वेगावर आला, तर ते उड्याच मोजत होतं.

मिलिंद_प: रोइंग बसून करतात, म्हणून नाडी कमीच राहते. 102 बरोबर असेल.

आरती_व्यायाम: बसल्यामुळे थोडेफार ठोके कमी पडू शकतात, पण धाप लागलेली असताना 102 पटत नाही. हँडल घट्ट धरलं की हाताचे स्नायू आवळतात, मनगट वाकतं, घड्याळ सरकतं आणि खालचा रक्तप्रवाह नीट दिसत नाही. थांबल्या थांबल्या मानेवर 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. उशीर केलात तर नाडी उतरलेली असेल.

कोकणी_शेखर: माझ्या गुडघ्यांना दोरी चालत नाही. घरासाठी मशीन पाण्याचं घ्यावं की हवेचं?

नितीन_शटल: शेखरराव, वेगळा धागा काढा. संध्याताई, छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, हाताशी संबंधच नाही.

आरती_व्यायाम: पट्टा उत्तमच, पण आतली बाजू ओली करून बांधा. कोरडा असला की घाम येईपर्यंत तोही वेडेवाकडे आकडे देतो. मला दंडावरचा पट्टा सोयीचा वाटतो. तिथे मनगटाएवढी हालचाल नसते.

नितीन_शटल: दंडावरचाही प्रकाशानेच मोजतो ना? स्मॅश मारताना दंड काय स्थिर असतो?

आरती_व्यायाम: म्हणून रॅकेट नसलेल्या दंडावर बांधायचा.

संध्या_ठाणे: मोजलं. रोइंग थांबवताच मानेवर 15 सेकंदांत 38, म्हणजे 152! घड्याळावर तेव्हा 104. दोरीनंतर 41, म्हणजे 164, आणि वेग कमी केला तेव्हा आकडा खरंच उड्यांमागे गेला. बॅडमिंटनला घड्याळ डाव्या हातात, हाडापासून दोन बोटं वर बांधलं. आकड्याची वर-खाली कमी झाली, पण रॅली संपल्यावरच आकडा चढतो. हे कशाने?

नितीन_शटल: रॅली लहान असते आणि घड्याळ काही सेकंदांची सरासरी दाखवतं. शिवाय नाडीलाही चढायला वेळ लागतो. यात घड्याळाचा उशीर किती आणि हृदयाचा किती, ते पट्टा बांधून खेळल्यावरच कळेल.

संध्या_ठाणे: मैत्रिणीकडे छातीचा पट्टा आहे. रविवारी बांधून खेळते आणि आकडे इथेच टाकते.