अनुभव धागा: ड्रायक्लीन नगावर की धुलाई-इस्त्री किलोवर?

वृंदा (कोथरूड)
आमच्याकडे हल्ली किलोवर कपडे घेणारी दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत. नुसतं धुऊन घडी 70 रुपये किलो, इस्त्रीसकट 110, आणि एका वेळी किमान 3 किलो द्यायचे. आमचा जुना ड्रायक्लीनर मात्र नगावरच घेतो: शर्ट 90, रेशमी साडी 350, टू-पीस सूट 450. नवऱ्याचा सूट वजनात दीड किलोही भरत नाही, म्हणजे किलोच्या हिशेबाने 165 रुपयांच्या आत काम. मग 450 का मोजायचे? रोजचे कपडे, साड्या, सूट, ज्याचा जो अनुभव असेल तो आकड्यांसकट लिहा.

हिशेबी
रोजच्या कपड्यांचं सांगतो. घरी वजनकाटा आहे, त्यामुळे पिशवी मोजूनच देतो. 6 शर्ट साधारण 1.3 किलो, 2 जीन्स 1.4, 2 टॉवेल 1 किलो आणि डबल बेडची चादर अभ्र्यांसह आणखी 1. झाले 4.7. दुकानवाला पुढचा अर्धा किलो धरतो, म्हणजे बिल 5 किलोचं. इस्त्रीसकट 550 रुपये.

आता यात गंमत बघा. टॉवेलला इस्त्री कोण करतं? चादरीलाही आमच्याकडे नाही. पण वजन त्यांचंच जास्त आणि प्रत्येक किलोमागे इस्त्रीचे 40 रुपये लागलेले. म्हणून मी सगळी पिशवी नुसत्या धुलाईला देतो, 350 रुपये. मग शर्ट आणि जीन्स सोसायटीच्या खालच्या इस्त्रीवाल्याकडे, नगाला 10 रुपये, म्हणजे 80. एकूण 430. तेच कपडे, 120 रुपये कमी.

उलटं, पिशवीत नुसते शर्टच असतील तर इस्त्रीसकटचा दर परवडतो. किलोत चार-साडेचार शर्ट बसतात, म्हणजे धुऊन इस्त्री करून एक शर्ट पंचवीसला पडला. हाच शर्ट ड्रायक्लीनला 90.

निखिल, हिंजवडी
पण ड्रायक्लीनने कपडा टिकतो ना? पाणी लागतच नाही, त्यामुळे रंग जात नाही, आटत नाही. मी ऑफिसचे सगळे कॉटन शर्ट ड्रायक्लीनलाच देतो. महाग आहे, मान्य.

ठाणेकाका
वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, पुढे मीही बरीच वर्षं चालवलं, म्हणून लिहितो.

निखिल, रंग आणि आटण्याचं तुमचं बरोबर. पण घामाचं काय? घामातलं मीठ पाण्यात विरघळतं, आमच्या मशीनमधल्या सॉल्व्हंटमध्ये नाही. सॉल्व्हंट तेलकट डाग उचलतं. कॉटन शर्ट कायम ड्रायक्लीनला दिला तर घाम आतच राहतो, वरून गरम इस्त्री बसते आणि काखेत, कॉलरला पिवळं पडत जातं. धुवट कपडा पाण्यातच धुवावा. 90 रुपये देऊन शर्ट खराब करू नका.

वृंदाताई, सूटचं मात्र उलट आहे. कोटाच्या छातीच्या भागात कापडाच्या आत एक थर गरम करून चिकटवलेला असतो, त्याला आम्ही फ्यूजिंग म्हणतो. कोट पाण्यात गेला की तो थर एका हिशेबाने आटतो, वरचं कापड दुसऱ्या हिशेबाने आणि अस्तर तिसऱ्याच. मग छातीवर फुगे येतात. ते कितीही इस्त्री केली तरी बसत नाहीत. चांगल्या टेलरकडून कॅनव्हास घालून शिवलेल्या कोटाला फुगे येत नाहीत, पण पाण्यात त्याचाही आकार जातो. तुम्ही 450 देता त्यात धुण्याचा खर्च थोडाच असतो. आधी हाताने डाग काढायचे, मग मशीन, मग कोटाला आकार देत स्टीम प्रेस, खरा वेळ त्यात जातो. वजनाने ते काम मोजता येत नाही.

दोन गोष्टी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगितल्या. कोट-पँट नेहमी जोडीने द्या, नाहीतर दोन वर्षांत दोन छटा दिसतात. आणि एका लग्नात तीन तास घातलेला सूट लगेच ड्रायक्लीनला देऊ नका. हवेवर टांगा, मऊ ब्रश फिरवा, फार तर नुसता स्टीम प्रेस करून घ्या. तो निम्म्याहून कमी पैशात होतो.

सरोज, नाशिक
फ्रंट लोड घ्यावं की टॉप लोड? आमचं जुनं मशीन बिघडलंय, म्हणून विचारते.

हिशेबी
सरोजताई, त्याला वेगळा धागा काढा, इथे हरवेल :)

मास्तरीण
मी रोज साडी नेसते, त्यामुळे माझा हिशेब साड्यांचाच. सुती साडी फॉलसकट साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोवर पन्नासेक रुपये. स्वस्त वाटतं, पण त्यात खळ नसते. खळ नसली तर सुती साडी दुपारपर्यंत पोतेरं होते. म्हणून मी त्या घरीच धुते, खळ घालते आणि फक्त रोल प्रेसला देते, साडीमागे 80. किलोवाल्याची इस्त्री साडीला नकोच वाटते, घडीवर घडी पाडून देतात.

रेशमी साडी एकदाच दिली होती किलोवर. दुकानातला मुलगा म्हणाला, थंड पाण्यात सॉफ्ट वॉश करतो, काही होत नाही. रंग खरंच गेला नाही. पण फॉल सुती होता, तो आटला आणि काठ सगळा चुण्याचुण्यांनी वर ओढला गेला. फॉल उसवून नवा लावला तेव्हा साडी सरळ झाली. ते पैसे धरले तर ड्रायक्लीनच स्वस्त पडलं असतं. तेव्हापासून फॉल लावायच्या आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला देते.

ठाणेकाका
अगदी बरोबर. पैठणी, कांजीवरम तर किलोवर नकोच. जरीला ओल राहिली की काळी पडते, आणि तसली जड साडी मशीनमध्ये पिळली की बुट्ट्यांमागचे धागे ओढले जातात. पण सिंथेटिक, जॉर्जेट, रोजच्या प्रिंटेड साड्या किलोवर बिनधास्त द्या. त्यांना ड्रायक्लीनचे पैसे देणं मला दुकानदार असूनही पटत नसे.

निखिल, हिंजवडी
काका, घामाचं पटलं. पण गडद रंगाच्या लिनन शर्टांचं काय? दोन धुण्यांत विटले होते.

ठाणेकाका
उलटे करून, थंड पाण्यात, सावलीत. किलोवर दिलेत तर ड्रायरमध्ये जातात, तिथेच निम्मा रंग जातो. ड्रायर नको असं सांगून बघा, ऐकतील याची खात्री मी देत नाही.

खारघरकर
माझा मुद्दा पावतीचा. ड्रायक्लीनच्या पावतीवर प्रत्येक नग, रंग, आधीचा डाग लिहिलेला असतो. किलोवाल्याच्या पावतीवर फक्त ‘6.5 किलो’. माझा एक कुर्ता परत आला नाही तेव्हा तो दिला होता हे सिद्धच करता आलं नाही. आता नग मोजून पावतीवर लिहून घेतो आणि पिशवीचा फोटो काढतो. आणखी एक, त्यांच्या दरात जीएसटी आहे की वेगळा हे आधी विचारा. 18 टक्के वरून लागले की 110 चे 130 होतात.

वृंदा (कोथरूड)
सूट जुन्या ड्रायक्लीनरकडेच राहील, शर्ट-चादरी हिशेबींच्या पद्धतीने देऊन बघते. एक राहिलंच. सासूबाईंच्या रेशमी नऊवारीला ड्रायक्लीनर दीडपट घेतो, म्हणतो कापड जास्त. हे सगळीकडे आहे का?

मास्तरीण
आमच्याकडे एक जण दीडपट घेतो, दुसरा सहावारीच्याच दरात करतो. दोघांच्या कामात मला तरी फरक दिसला नाही.

ठाणेकाका
आम्ही प्रेसचेच तेवढे जास्त घेत होतो. घासाघीस करा.