मदत हवी आहे: अर्ध-समतुल्य बिंदूवर pH 4.76 ऐवजी 4.95 का येतोय?

नमस्कार मंडळी. 0.1 M ॲसेटिक आम्लाच्या 25 मिली द्रावणाचं 0.1 M NaOH ने अनुमापन करून वक्र काढलाय. आकार अगदी अपेक्षित आहे: सुरुवातीला थोडा चढ, मग लांबलचक सपाट भाग आणि 25 मिलीच्या आसपास एकदम उडी.

गोंधळ आकड्यांचा आहे. 12.5 मिलीला निम्मं आम्ल ॲसिटेट झालेलं असतं, म्हणून तिथे pH = pKa, म्हणजे 4.76 हवा. मीटर 4.95 दाखवतोय. सुरुवातीचा pH 2.88 ऐवजी 3.2 आलाय, आणि 26 मिलीला 11.3 हवा तिथे 10.9. म्हणजे 7 च्या खाली वाचन जास्त, 7 च्या वर कमी. मीटर फक्त pH 7 च्या बफरने जुळवला होता, त्यामुळे मला इलेक्ट्रोडच्या स्लोपवर संशय आहे. सहकाऱ्याच्या मते NaOH ने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलाय. पण त्याने सुरुवातीचा pH कसा बदलेल? तेव्हा तर NaOH चा थेंबही पडलेला नसतो!

दोन गोष्टी सांगा. pH 4 चा बफर घेऊन मीटर पुन्हा जुळवला की जुनी वाचनं दुरुस्त करता येतील, की सगळं परत करावं? आणि उडीजवळही मी 1-1 मिलीनेच वाचनं घेतलीत. 24 ते 25 मध्ये pH 2.4 ने वाढला, 25 ते 26 मध्ये 2.3 ने. एवढ्यावरून समतुल्य बिंदू 25.0 म्हणावा, की तिथे 0.1 मिलीने जावंच लागेल? बफर पट्टा pKa ± 1 धरून साधारण 2.3 ते 22.7 मिली काढलाय, तोही बघा.