प्रतिसाद: साहेबांचे मेसेज

«साहेब व्हॉट्सॲपवर कधी कामाची तारीफ करतात, कधी दिसण्याची. मी 'थँक्यू सर' लिहून मोकळी होते. हे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत?»

नाही ताई, मनाचे खेळ नाहीत. आमच्या तालुक्यात कृषी खात्यातल्या एका मुलीने कपाशीतल्या कामगंध सापळ्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. साहेबांनी लिहिलं, "सापळे बरोबर उंचीवर लावले, छान." ही शाबासकी, ती पुरुष सहकाऱ्यालाही तशीच मिळाली असती. रात्री साडेदहाला तोच फोटो तिला एकटीला परत आला: "सापळ्यापेक्षा तुम्हीच छान दिसता." इथे काम सुटलं अन् अंग आलं, तेही चारचौघांपासून लपवून.

तिनेही 'थँक्यू सर'च लिहिलं. रजेवर सही त्यांचीच, दुसरं काय लिहिणार? म्हणून त्या उत्तराला मी संमती मानत नाही. खरी पारख पुढे होते. तिने लिहिलं, "सर, कामाचंच बोलू या." सरळ माणूस तिथे माफी मागून थांबतो. हे म्हणाले, "गंमतही कळत नाही?" आणि आठवड्याने दौऱ्याच्या यादीतून तिचं नाव गेलं.

तुम्हीही ती एक ओळ लिहा. चॅट पुसू नका, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घरच्या फोनवर ठेवा. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध झालेल्या 2013 च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांत लेखी तक्रार देता येते. कार्यालयात 10 पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.