मदत हवी आहे: "सगळ्यांनाच असं वाटतं" असे मेसेज येतात, त्यातलं खरं किती?

अर्धविराम:
ताईचा मुलगा शिकायला माझ्या शहरात येतोय. वर्षभर त्याने माझ्याकडे राहावं अशी ताईची इच्छा होती. माझं घर दोन खोल्यांचं, आणि रात्रपाळी असल्याने मी दिवसा झोपते. म्हणून मी नाही म्हटलं. खोली मिळेपर्यंत महिनाभर राहू दे, शोधायला मी मदत करते, असंही सांगितलं. तीन आठवडे झाले या गोष्टीला.

तेव्हापासून ताईचे मेसेज येतायत. काही जसेच्या तसे देते.

"तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं."
"हे मी एकटीच म्हणत नाहीये, दादाचंही तेच मत आहे."
"वहिनी तर म्हणाली, ती पहिल्यापासून अशीच आहे, तुम्हीच डोक्यावर बसवलीत."
"मावशीलासुद्धा धक्का बसला. सगळे मलाच विचारतात की तिला झालंय काय."
"मी हे सांगितलं असं कुणाला बोलू नकोस, उगाच त्यांना वाईट वाटेल."

दादा-वहिनी माझ्याशी नेहमीसारखे बोलतात. पण आता वहिनीने साधं "जेवलीस का" विचारलं तरी त्यात मला टोमणा ऐकू येतो. मावशीचा फोन मी दोनदा उचलला नाही. चार जण म्हणतात म्हणजे माझंच चुकत असणार, असं रात्री कामावर बसून वाटत राहतं. ताईवर आरोप करायचा नाहीये, तिने मला लहानपणी सांभाळलंय. हा दबाव आहे की मला खरंच काहीतरी कळत नाहीये, हे ओळखायचं कसं?

वादळवाट:
सरळ आहे. तुमची ताई नार्सिसिस्ट आहे. याला ट्रँग्युलेशन म्हणतात, माझ्या एक्सने चार वर्षं हेच केलं. ब्लॉक करा आणि मोकळ्या व्हा. अशी माणसं बदलत नाहीत.

तिरकस:
मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नका. त्या सगळ्यांना खरंच वाटत असेल की तुम्ही चुकलात, तर? बहिणीच्या मुलाला वर्षभर ठेवायला नाही म्हटल्यावर घरात बोलणं होणारच. ताईने खोटं सांगितलंय असं तुम्ही कशावरून धरून चालता?

अर्धविराम:
धरून चालत नाहीये हो, म्हणून तर विचारतेय.

उंबरठा:
कुटुंब-समुपदेशनात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वादळवाट यांनी शब्द बरोबर पकडला, निदान मात्र घाईने केलं. मरे बोवेन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांमधला ताण सहन होईनासा झाला की त्यातलं एक जण तिसऱ्याला मध्ये ओढतं, आणि ताण तिघांत वाटला जातो. चांगली, प्रेमळ माणसंसुद्धा हे करतात, आणि बऱ्याचदा आपण काय करतोय हे त्यांना कळतही नाही. त्यामुळे मेसेजवरून ताई कशी आहे हे ठरवायला जाऊ नका. मेसेज काय करतोय तेवढं बघा.

तिरकस यांचा प्रश्न मात्र योग्य आहे, फक्त त्यात दोन प्रश्न एकत्र झालेत. दादाला खरंच तसं वाटतं का, हा एक. दादाचं नाव तुमच्यावर वजन टाकायला वापरलं जातंय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" असलं तरी दुसऱ्याचं "हो" असू शकतं. खरं मतही हत्यार म्हणून वापरता येतं.

आता ओळखायचं कसं. मेसेज मागे जाऊन वाचा, पण मजकुरापेक्षा जागा बघा: तिसऱ्याचं नाव नेमकं कुठे येतं? तुम्ही "नाही" म्हटल्यावर, किंवा "मग महिनाभराचं काय?" असं विचारल्यावर लगेच येत असेल, तर ते नाव उत्तराच्या जागी आलंय. पुढची खूण म्हणजे निरोपात घटना असते की नुसता शेरा. "दादा म्हणाला, परीक्षेच्या दिवसांत पोराला एकटं वाटेल" यावर तुम्ही काही करू शकता. "ती पहिल्यापासून अशीच" यावर काय करणार? आणि सगळ्यात मोठी खूण तुम्ही स्वतःच शेवटच्या मेसेजमध्ये दिली आहे. मत पोचवायचं, पण ज्याचं मत त्याला विचारायचं नाही. खरा निरोप आणणारा माणूस सहसा "तूच बोल ना त्याच्याशी" म्हणतो. अर्थात कधीकधी ही अट प्रामाणिकही असते, मध्यस्थाला खरंच भीती वाटत असते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

नवखा_प्रवासी:
माझ्याकडेही डिट्टो! आमचे साहेब प्रत्येक मेलमध्ये लिहितात, "टीममधल्या अनेकांनी तुमच्याबद्दल नाराजी व्यक्त केली आहे." कोण ते कधीच सांगत नाहीत. मी ग्रुपवर सरळ विचारलं, "माझ्याबद्दल कोणाची तक्रार आहे?" सगळे गप्प. मग साहेब म्हणाले, बघा, कोणी नाही म्हणालं नाही. आता काय करू? एचआरकडे जाऊ का?

उंबरठा:
प्रवासी, ग्रुपवर विचारलंत तिथे फसलात. सगळ्यांसमोर, साहेबांच्या देखत कोण बोलेल? ते गप्प राहिले म्हणजे नाराज आहेत असं होत नाही, आणि नाहीत असंही नाही. नोकरीत नावं लपवण्याला कधीकधी खरं कारण असतं, पण घटना सांगायला नावं लागत नाहीत. "कोणत्या कामात, केव्हा, काय झालं आणि काय वेगळं हवं होतं" हे लेखी मागा. ते मिळालं तर अभिप्राय आहे. एचआरचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे अर्धविराम यांचं राहू दे.

निळीशाई:
मी मानसशास्त्र शिकवतो. रात्री कामावर बसून "चार जण म्हणतात म्हणजे" असं वाटतं, त्यावर एक आठवलं. सॉलोमन ॲश यांचा 1951 चा प्रयोग. रेषांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसतंय, पण खोलीतले बाकीचे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या बहुमताच्या बाजूने गेली. रेषेची ही गत, तर इथे स्वार्थीपणासारखी मोजता न येणारी गोष्ट आहे.

पण तिथली माणसं निदान समोर बसून स्वतःच्या तोंडाने बोलत होती. तुमच्याकडे दादा, वहिनी, मावशी आणि "सगळे" हे एकाच फोनवरून, एकाच माणसाच्या शब्दांत येतायत. मोजायचंच तर ते मत एक आहे. त्याच प्रयोगमालेत आणखी एक दिसलं: खोलीत एक जरी खरं उत्तर देणारा असला तरी दबाव खूप कमी व्हायचा. तुम्ही मावशीचा फोन उचलत नाही तेव्हा असा एखादा माणूस भेटण्याची वाटच बंद होते.

अर्धविराम:
मावशीचं वाचून पोटात कालवलं.

उंबरठाताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. तीन आठवड्यांतले ताईचे या विषयावरचे 23 मेसेज वहीत उतरवले. 9 मध्ये दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे. त्यातले 7 माझ्या "नाही"नंतर किंवा महिनाभराचं विचारल्यावर लगेच आलेत. घटना एकाही मेसेजमध्ये नाही. आधी नुसता दादा होता, मग दादा-वहिनी, मग मावशी, आणि आता "सगळे". मग त्या 9 मधली नावं असलेली वाक्यं खोडून उरलेलं वाचलं. फक्त "मला वाटलं तू सांभाळून घेशील" एवढंच उरलं. ते वाचून रडू आलं, खरं सांगते.

तिने एक स्क्रीनशॉटही पाठवला होता. दादाचं उत्तर आहे, "हो ना, बरोबर आहे तुझं." मग हे तर खरंच ना?

तिरकस:
त्याच्या वरचा मेसेज कुठाय? "हो ना" कशाला म्हटलंय? ताईने "मला पोराची काळजी वाटते" लिहिलं असेल तर मीही "हो ना" म्हणेन. आधी माझं मत वेगळं होतं, पण हा कापलेला स्क्रीनशॉट मलाही खटकला.

वादळवाट:
मग आता दादाला तो स्क्रीनशॉट पाठवा आणि विचारा, हे तू म्हणालास का? दूध का दूध होऊन जाईल.

उंबरठा:
तेवढं करू नका. "ताई म्हणते की तू म्हणालास" असं विचारलं की त्रिकोण तुम्हीच पुढे चालवता. दादाला एक तर ताईला खोटं पाडावं लागतं, नाहीतर तुम्हाला. बहुतेक लोक अशा वेळी गुळमुळीत बोलतात, आणि त्या गुळमुळीतपणातून तुम्हाला हवा तो अर्थ निघतो. ताईचं नाव न घेता विषयावर विचारा: "भाच्याच्या राहण्याचं मी असं असं सांगितलंय, तुला काय वाटतं?" तेही फोनवर, आणि नापसंती ऐकायची तयारी ठेवून.

ताईला लांबलचक खुलासा देऊ नका. खुलाशातल्या प्रत्येक वाक्यावर नवा साक्षीदार उभा राहतो. एवढंच लिहा: "दादाशी मी दादाचं बोलेन. तुला स्वतःला काय वाटतं ते सांग, मी ऐकतेय." सुरुवातीला नावं वाढतील, बहुतेकदा वाढतातच. "आता तू त्यांनाही छळतेस" असंही येईल. तरी तेच वाक्य, त्याच सुरात. मात्र हे चालतं ते एरवी माया असलेल्या नात्यात. जिथे धमक्या आहेत, पैसे किंवा फोन अडवून ठेवलाय, कुणाला भेटू देत नाहीत, तिथे वाक्यांची कसरत करत बसू नये. तिथे आधी बाहेरची मदत घ्यावी.

अर्धविराम:
पाच दिवसांनी लिहितेय.

दादाशी बोलले. तो म्हणाला, "राहिला असता तर बरं झालं असतं, पण तुझी रात्रपाळी आहे, ते ताईच्या लक्षात आलेलं दिसत नाही." म्हणजे नापसंती आहेच, थोडी. पण मेसेजमधला दादा आणि हा दादा वेगळे निघाले. मावशीला माझ्या नकाराचं काही माहीतच नव्हतं. ती मला वाढदिवसाचं विचारायला फोन करत होती. वहिनीला विचारलं, तिने "भेटल्यावर बोलू" लिहिलं. त्यावरून मला काहीच ठरवता येत नाहीये. कदाचित ती तसं म्हणालीही असेल.

ताईला ते वाक्य तीनदा पाठवलं. पहिल्यांदा "मी तर सगळ्यांचं भल्याचंच सांगते" आलं. दुसऱ्यांदा, वहिनी माझ्यामुळे झोपली नाही म्हणे. तिसऱ्या वेळी दोन दिवस काहीच नाही. मग काल रात्री आलं, "तो पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे, मला भीती वाटते गं."

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. महिनाभराचं पुन्हा विचारू, की आज नुसतं भीतीबद्दलच बोलू?

निळीशाई:
आज भीतीचंच. आणि लिहू नका, फोन करा.

तिरकस:
महिन्याचंही आजच सांगून टाका. नाहीतर भीतीच्या नादात तुम्हीच वर्षाला हो म्हणाल.