अनुभव धागा: रात्री मशीन बिघडलं, सकाळच्या पाळीसाठी लॉगबुकात काय लिहाल?

"पंप २ ट्रिप, बघून घेणे." एवढ्यावर सकाळच्या माणसाला काहीच करता येत नाही. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते, हेच उदाहरण घेऊ. चार-पाच ओळींत नेमकं काय यायला हवं?

फिटर_रात्रपाळी
कारण सरळ लिहून टाकावं. करंट वाढला म्हणजे बेअरिंग गेलं. सकाळी बेअरिंग काढून ठेवतात, वेळ वाचतो.

पॅनलवाला
करंट वाढला हे खरं, पण त्यावरून बेअरिंगच गेलं असं होत नाही. एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजचा करंट चढतो. तिन्ही सारखे चढले तर लोड वाढलाय किंवा व्होल्टेज पडलंय. म्हणून तिन्ही फेजचे आकडे आणि व्होल्टेज लिहा. मी अशी नोंद करीन:

"०२:४० पंप २ ओव्हरलोडवर ट्रिप. रिले थंड झाल्यावर ०२:५५ ला एकदाच रिसेट. करंट ३१, ३२, ३१ अँपिअर, नेमप्लेट २८. व्होल्टेज नेहमीइतकं. पंपाच्या बाजूने घासल्याचा आवाज. ०३:०५ ला बंद केला. ब्रेकर ऑफ, लॉक आणि टॅग लावलाय, चावी शिफ्ट इनचार्जकडे. पंप १ चालू, प्रेशर ठीक, पण आता स्टँडबाय नाही. तपासलं नाही: कपलिंग सुटं करून मोटर. सकाळी आधी तेच करा."

कपलिंग सोडल्यावर दोन्ही शाफ्ट हाताने फिरवले की जड बाजू लगेच कळते. आज रात्री हे झालं नाही, हे लिहिलं नसेल तर सकाळचा माणूस ते झालंय असं धरून चालतो.

नवीन_ऑपरेटर
आमचा कंप्रेसर हाय टेम्परेचरवर ट्रिप होतो. रिसेट किती वेळा करायचा?

पॅनलवाला
तो प्रश्न वेगळा. पण जितक्या वेळा केला, तितक्या वेळा वेळेसकट लिहा. न लिहिलेले चार रिसेट म्हणजे मोटर चार वेळा तापलेली, आणि सकाळचा माणूस पहिलाच समजून पाचवा मारतो.

देखभाल_ताई
"स्टँडबाय नाही" ही ओळ सगळ्यात वर घ्या हो. पंप १ गेला तर लाइन थांबणार, म्हणून सकाळी कामांचा क्रम तिच्यावरूनच ठरतो. चावी कोणाकडे आहे ते पदाने लिहिलंय, पण तो माणूस सहाला घरी जातो. चावी सकाळच्या इनचार्जच्या हातात दिली, हे वेळ टाकून लिहायला हवं.

फिटर_रात्रपाळी
बरं, आकडे मान्य. पण आवाज ऐकलेल्याचा अंदाज अगदीच वगळायचा? तो सकाळी तिथे नसतो.

पॅनलवाला
वगळू नका. "संशय:" म्हणून शेवटी वेगळा लिहा.

देखभाल_ताई
मला ते पटत नाही. संशय लिहिला की सगळे तिथेच हात घालतात, बाकीचं तपासतच नाहीत. तो पाळी बदलताना तोंडीच सांगावा.