सारखा थकवा, सकाळची न्याहारी आणि रात्रीची झोप : तुमचे अनुभव सांगा

हळदपेठ

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की सकाळी सौदे, मग तोलाई, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि रात्री कीर्द मिटवूनच घर. गेलं वर्षभर अंगात सारखा थकवा होता. ताप नाही, दुखणं नाही, पण अकराच्या सुमारास हातपाय गळायचे आणि दुपारी तीननंतर एकच बेरीज तीनदा तपासावी लागायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. "किती वाजता काय खाता-पिता, कधी झोपता, कधी उठता, आठवडाभर वहीत मांडून आणा," म्हणाले. मांडलं.

सकाळी सातला चहा आणि दोन टोस्ट. दहाला पेढीवर चहा, सौदे उरकल्यावर आणखी एक. दोनला डबा. चारला चहा, सहाला चहा आणि वर भडंग. रात्री दहा-साडेदहाला पोटभर जेवण, साडेबारापर्यंत मोबाईल. रविवारी नऊशिवाय उठणं नाही.

डॉक्टरांनी ते पान खालून वर वाचलं. म्हणाले, तुमची न्याहारी आदल्या संध्याकाळीच बिघडते. सहाला चहा-भडंगानं भूक मारली की जेवण दहावर जातं. दहाला पोटभर जेवलं की सकाळी भूक नसते, म्हणून चहा-टोस्टवर भागतं. मैदा आणि साखर अकरापर्यंत जिरून जाते, की पुन्हा चहा. आणि संध्याकाळचा चहा रात्री झोप लागू देत नाही. नुसतं "सकाळी चांगलं खा" म्हटलं तर दोन दिवस खाल आणि सोडून द्याल, कारण भूकच नसेल.

म्हणून सुरुवात संध्याकाळपासून केली. तीननंतर चहा बंद. पहिले काही दिवस डोकं चढायचं, ते आपोआप थांबलं. सहाला पेढीवरच भाकरी-भाजीचा छोटा डबा, घरी गेल्यावर थोडा आमटी-भात नाहीतर ताक. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, साडेदहाला दिवा बंद. आठवड्याभरात सकाळी खरी भूक लागायला लागली, तेव्हा कुठे न्याहारी बदलली: मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी, कधी मुगाची धिरडी आणि दही, कधी चपाती आणि दोन उकडलेली अंडी. चहा त्यानंतर तासाभरानं.

अकराचं गळणं लवकर गेलं. दुपारचं मात्र हटेना. रविवारीही सहालाच उठायला लागलो, तेव्हा ते कमी झालं. रविवारी नऊला उठलं की त्या रात्री झोप उशिरा लागायची आणि सोमवार-मंगळवार त्यातच जायचे.

तुमच्यापैकी कुणी असं काही करून पाहिलं असेल तर तपशिलात लिहा. काय खाल्लं, किती वाजता, कशानं फरक पडला, कशानं नाही.

मिरजेची सिस्टर

तीस वर्षं वॉर्डात काम केलं, आता निवृत्त. तुमच्या डॉक्टरांचं पटलं, आधी तपासण्या केल्या हे सगळ्यात बरं. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरा-बारालाही अंगात असतं. काहींना झोप लागते, पण ती वरवरची असते.

एक सांगते. माझ्या दिरांनीही असंच सगळं केलं, उसळ, धिरडी, दहाला झोप. काडीचा फरक नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून जागे होतात. रात्रभराची झोपेची तपासणी केली, श्वास अडतो असं निघालं. आता रात्री मास्कचं मशीन लावतात, तेव्हापासून दिवसा डुलक्या नाहीत. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, मोठं घोरणं, गाडी चालवताना डोळा लागणं, असं असेल तर न्याहारीवर वेळ घालवू नका.

कृष्णाकाठचा

माझा अनुभव उलटा आहे. मी सकाळी काहीच खात नाही. एकदम अकराला जेवतो आणि एकदम ताजा असतो. न्याहारी हेच थकव्याचं मूळ आहे, सगळ्यांनी बंद करून बघावी.

हळदपेठ

दादा, रात्री कधी जेवता?

कृष्णाकाठचा

सातला. दहाला झोपतो. का?

हळदपेठ

म्हणजे तुमची संध्याकाळ आधीच मार्गी लागलेली आहे. मी दहाला जेवून सकाळी उपाशी राहिलो असतो तर सौद्याला उभं राहणं अवघड झालं असतं.

मिरजेची सिस्टर

त्यांना मानवत असेल, मी नाही म्हणणार नाही. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी ऐकून न्याहारी सोडू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो.

अजिंक्यतारा

साताऱ्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. पहाटे चारला उठायचं आहे, त्यासाठी न्याहारीला काय खावं? रात्री एकपर्यंत अभ्यास असतो.

मिरजेची सिस्टर

बाळा, एक ते चार तीनच तास झोप होते. त्याला कुठलीही न्याहारी पुरणार नाही. चारला उठायचं तर नऊला झोप, नाहीतर सातला उठ. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच.

पाचची भाकरी

सगळं वाचलं. भाकरी-उसळ सहा-साडेसहाला ताटात यायची तर पाचला कोण उठतं, हेही कुणी लिहा. आमच्याकडे मी उठते. सगळ्यांचं वाढून झालं की मी उरलेला चहा आणि शिळी चपाती खायची. माझाही थकवा वर्षानुवर्षांचा. तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी चहाबरोबर घेत होते, कारण तेवढ्याच वेळी आठवायचं. आकडा हलेचना.

मिरजेची सिस्टर

ताई, चहानं लोह अंगी लागत नाही. गोळी आणि चहात निदान एक-दोन तास जाऊ द्या, गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या. पाळीचा त्रास आहे का, तेही दाखवून घ्या. रक्त जातंय कुठून हे कळल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आणि पहिलं ताट स्वतःचं वाढा.

हळदपेठ

ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडे मटकी आदल्या दिवशी मोड आणून ठेवतो, मूग रात्री भिजवतो. सकाळी वाटून धिरडी मीच घालतो, वीस मिनिटांत चौघांची होतात. भाकरी रोज नसते, ती बायकोला सवड असेल त्या दिवशी.

पाचची भाकरी

गोळी आता दुपारी घेते, जेवण आणि चहा दोन्हींपासून लांब. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचं आहे. धिरड्यांचं घरात सांगून बघते.

कुपवाड तिसरी पाळी

एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. रोज एकाच वेळी उठायचं कसं? रात्रपाळीत दोनला कॅन्टीनचा वडा-चहा, सकाळी सातला घरी येऊन पोहे आणि झोप. चार तासांवर लागत नाही, पोरं शाळेतून आली की उठतोच.

मिरजेची सिस्टर

आमच्याही रात्रपाळ्या असायच्या, त्यामुळे पूर्ण उपाय आहे असं मी म्हणणार नाही. कामावर जाण्याआधी रात्री नऊला नीट जेवा, दोनला वडा नको, शेंगदाणे किंवा फळ चालेल, आणि चहा बाराच्या आतच. घरी येताना ऊन डोळ्यांवर कमी घ्या, खोलीत जाड पडदा लावा. चार तास सकाळी आणि दीड-दोन तास कामाला निघण्याआधी, अशी दोन तुकड्यांत झोप घेऊन बघा. पाळी पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमानं पुढे सरकत असेल तर शरीर जरा सोसतं. उलटी फिरत असेल तर फार जड जातं.

कुपवाड तिसरी पाळी

आमची उलटीच फिरते. तिसरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली. सुपरवायझरला विचारून बघतो, पण एकट्यासाठी बदलणार नाहीत. पडदा या रविवारी लावतो.